शेवटच्या रांगेची दोन तिकिटं

माझ्या थोरल्या बहिणीला कुणी शिवी दिली की ती शांतपणे विचारते, "आणखी काही मदत करू शकते का?" ऑफिसात विचारते तोवर ठीक आहे, तिथे तिला त्याचाच पगार मिळतो. पण घरीही तेच. एकदा मी डोकं फिरल्यावर तिला वाट्टेल ते बोललो. माझं डोकं फिरायला फार काही लागत नाही, फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला दिवसभर लोकांच्या स्वयंपाकघरात ओणवं राहावं लागतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चहा टाकू?" तेच वाक्य, फक्त कपडे घरचे.

ताई अशी नव्हती. लहानपणी माझे केस धरून भिंतीवर डोकं आपटायची. लग्न झालं, मोडलं, ती एक सुटकेस घेऊन परत आली आणि त्या सुटकेसमध्ये आवाज तेवढा राहून गेला असावा. आली तेव्हापासून एकाच पट्टीत बोलते. वर नाही, खाली नाही. बाबा म्हणायचे, वेळ जाऊ दे, होईल. वेळ गेला. आई गेली. ताई तिथेच राहिली.

मग तिला तिकिटांच्या कंपनीत नोकरी लागली, आणि सुंठीवाचून खोकला गेला. म्हणजे त्यांचा गेला. त्यांना अशीच बाई हवी होती. कार्यक्रम रद्द झाला की चिडलेल्या लोकांचे फोन घ्यायचे आणि ठरलेली वाक्यं बोलायची: "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तिकिटाची रक्कम सात ते दहा कामकाजाच्या दिवसांत आपल्या मूळ खात्यात जमा होईल. प्रोसेसिंग शुल्क परत मिळत नाही, तिकीट काढताना आपण अटी मान्य केल्या आहेत." दुसऱ्या मुली महिन्याभरात रडून पळायच्या. ताईच्या अंगावर काही टिकायचंच नाही, कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखं घरंगळून जायचं. तिला दोनदा उत्कृष्ट कर्मचारी म्हणून घड्याळ मिळालं. दोन्ही घड्याळं माझ्याच भिंतीवर आहेत आणि दोन्हींची वेळ वेगळी आहे.

तिच्या मालकाला मी आगाऊशेठ म्हणतो. एक तर माणूस आगाऊ आहे, आणि दुसरं म्हणजे त्याचा सगळा धंदाच आगाऊ विक्रीचा. त्याची रीत ताईनं मला एकदा भाजी निवडता निवडता सांगितली होती, बातम्या वाचाव्यात तशी. एरवी कार्यक्रम करणारा एक असतो आणि तिकिटं विकणारी वेबसाइट दुसऱ्याची असते, त्यामुळे तिकिटावर जे प्रोसेसिंग शुल्क लागतं ते वेबसाइटवाल्याला जातं. ह्यानं वेबसाइटही स्वतःचीच काढली, बायकोच्या नावावर. मग एकदम चार कार्यक्रम जाहीर करायचे. 'लवकर काढा, स्वस्तात मिळवा' म्हणून तिकिटं खुली करायची. हॉल कुठे घेतलेला असतो? नसतोच. हॉलवाल्याकडे फक्त पेन्सिलीत तारीख. त्या धंद्यात तसंच चालतं, अनामत भरेपर्यंत तारीख पेन्सिलीत असते, अनामत भरली की ती शाईनं लिहितात. पेन्सिलीला पैसे पडत नाहीत. चारातला जो कार्यक्रम खपेल त्याची तारीख शाईची करायची, बाकीचे तीन 'अपरिहार्य कारणास्तव' रद्द. लोकांचे तिकिटाचे पैसे परत. प्रोसेसिंग मात्र बायकोच्या वेबसाइटवर जमा.

"म्हणजे बाजारात तुरी," मी म्हणालो.

"तिकिटाचा एक पैसा ते ठेवत नाहीत," ताई म्हणाली. तिची बाजू घेण्याची पद्धत अशी, बाजू असल्याचं कळूच नये. "आणि पेमेंट गेटवेवाले त्यांचं कापून घेतात, ते रद्द झाल्यावरही देत नाहीत. हे खरंच आहे."

"ते किती कापतात?"

"चिमूटभर."

"आणि हा किती घेतो?"

ताईनं शेंगेची शीर ओढली. "मूठभर."

थेंबे थेंबे तळे साचे, दुसरं काय. एवढ्याशा रकमेसाठी कोण कोर्टाची पायरी चढणार? माणूस दोन शिव्या हासडतो आणि विसरतो. त्या दोन शिव्या ऐकायला ताई होतीच.

आता बाबांचं सांगतो, कारण गोष्ट त्यांच्यावर आली.

बाबा हातांच्या सावल्या करायचे. पांढरा पडदा, मागे एक दिवा, आणि दिव्यासमोर दोन हात. ससा, हंस, भांडखोर म्हातारी, तपकीर ओढणारा न्हावी. पोटापाण्याला गोदामात हिशेब लिहायचे, पण सुट्टीच्या दिवशी शाळांतून, वाढदिवसांतून त्यांना बोलावणी असत. दिवा मी धरायचो. ताई पडद्याच्या कडेला बसून म्हातारीचा आवाज काढायची, तेव्हा तिला आवाज होता. आणि आई नेहमी शेवटच्या रांगेत टोकाला बसायची. तिला तिथे कौतुकानं बसवलेलं नसे, कामावर असायची ती. तिथून सावली नीट दिसली नाही, सशाचे कान चिकटले किंवा हंसाची चोच बोथट आली, की आई खोकायची. बाबा हात दिव्यापासून जरा पुढे-मागे घ्यायचे. प्रेक्षकांना वाटे, बाईला सर्दी आहे.

घरात एक नियम होता. कार्यक्रमाला तिकीट असेल तर शेवटच्या रांगेची तिकिटं बाबा स्वतःच्या पैशानं काढायचे. फुकट बसलेला माणूस खोकायला लाजतो, असं त्यांचं म्हणणं.

पुढे सगळ्यांकडे टीव्ही आले, मोबाइल आले. बोलावणी थांबली. बाबांनी पडदा घडी करून माळ्यावर टाकला आणि त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. मला वाटलं विसरले.

आगाऊशेठला हे कुठून कळलं, तर ऑफिसात कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाला बाबांनी भिंतीवर ससा करून दाखवला. शेठ तिथे होता. त्याच्या डोळ्यांत काय चमकलं असेल ते मी शपथेवर सांगू शकतो. आठवड्यात जाहिरात आली: 'हरवलेल्या सावल्या. एकच प्रयोग.' बाबांचा फोटो, हात पुढे केलेले. करारही केला, दोन पानी. मानधन प्रयोगाच्या आधी आठ दिवस मिळेल, प्रयोग रद्द झाल्यास कुणी कुणाचं देणं लागत नाही. बाबांनी सही करण्याआधी ताईला विचारलं, "करू ना गं?"

"करा," ताई म्हणाली.

तिला पेन्सिल माहीत होती. चार कार्यक्रमांतला बाबांचा चौथा, हेही माहीत होतं. पण बाबांनी तोवर माळ्यावरून पडदा काढून धुवायला टाकला होता. अशा वेळी काय बोलणार? मीही नसतो बोललो.

तालीम सुरू झाली. रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत पडदा, आणि ताई ऑफिसातून आली की पर्स न ठेवता घरातल्या बोळाच्या टोकाला खुर्चीत बसायची, शेवटची रांग म्हणून. बाबांची बोटं आता पहिल्यासारखी नव्हती. सकाळी कप धरताना दोन्ही हात लावावे लागायचे. ते कोमट पाण्यात हात बुडवून बसत, मग उठून दिव्यासमोर उभे राहत.

"ससा दिसतोय का गं?"

"दिसतोय."

"कान?"

"दिसतायत, बाबा."

मी दिवा धरून उभा. माझ्या जागेवरून मला फक्त बाबांचे हात दिसायचे, पडद्याची पुढची बाजू नाही. हातांवर घाम असायचा. इतके खुश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते. न्हावी पुन्हा जमला त्या दिवशी त्यांनी स्वतःलाच टाळी दिली.

तिकिटं खुली झाली त्याच दिवशी त्यांनी मला मोबाइल देऊन शेवटच्या रांगेची दोन काढायला लावली. एक ह्या टोकाचं, एक त्या टोकाचं. ताई आणि मी. दिवा धरायला शेठचा माणूस मिळणार होता. शेवटची रांग सगळ्यात स्वस्त, पण प्रोसेसिंग प्रत्येक तिकिटाला सारखंच, पुढच्या सोफ्याला जेवढं तेवढंच मागच्या खुर्चीला. म्हणजे गरिबाच्या तिकिटावर शेपूटच मोठं. मी म्हणालो, "बाबा, ताई तिथंच नोकरीला, पास मागू."

"पासवर खोकता येत नाही," बाबा म्हणाले.

हॉलवाल्याची मुदत संपायची तो दिवस आला, आणि शेठनं बाकीच्यांतल्या एका गाण्याच्या कार्यक्रमाची तारीख शाईची केली. त्याची अनामत भरायला सगळ्या कार्यक्रमांच्या तिकिटांचे पैसे होतेच खात्यात पडलेले. उरलेले तीन रद्द. संगणकावर एक बटण दाबलं की ज्यांनी ज्यांनी तिकीट काढलं त्या सगळ्यांना संदेश जातो. कलाकाराला जात नाही. कलाकाराला कुणीतरी माणसानं फोन करायचा असतो. ऑफिसातल्या लोकांना वाटलं, त्यांची मुलगी इथेच आहे, ती सांगेल. मुलीला कुणी काही सांगितलंच नाही, तिनं स्क्रीनवर वाचलं.

आणि बाबांनी तर तिकीट काढलेलं होतं.

मोबाइल वाजला तेव्हा ते कोमट पाण्यात हात बुडवून बसले होते. म्हणाले, "बघ रे कुणाचा." मी बघितलं. मग मोबाइल त्यांच्यासमोर धरला, कारण मला ते मोठ्यानं वाचवेना. त्यांनी चष्म्यातून वाचलं: आपला कार्यक्रम अपरिहार्य कारणास्तव रद्द करण्यात आला आहे. प्रोसेसिंग शुल्क वगळता रक्कम परत करण्यात येईल.

"अपरिहार्य कारण म्हणजे मी आजारी बिजारी आहे का?" त्यांनी विचारलं. मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही.

ताई संध्याकाळी आली. पर्स घेऊन सरळ बोळाच्या टोकाला खुर्चीत बसली. "पुढे ढकललाय, बाबा," ती म्हणाली. "तारीख बदलली की संदेश असाच जातो. पद्धत आहे. तुम्ही तालीम चालू ठेवा."

बाबांनी चष्मा काढून ठेवला. मग उठले आणि दिव्यासमोर हात धरले. तालीम झाली. ससा दिसतोय का, दिसतोय. त्या दिवशी मला पहिल्यांदा ताईचा राग आला नाही, तिची भीती वाटली. इतकं सपाट खोटं कुणाला बोलता येतं?

दुसऱ्या दिवशी मी घरीच होतो, गिऱ्हाईकाच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर पुढ्यात घेऊन बसलेला. बाबा म्हणाले, "मला तो तक्रारीचा नंबर लावून दे. स्पीकरवर टाक, धरवत नाही."

मला आनंद झाला. म्हटलं, म्हातारा भांडणार. नंबर लावला. एका मुलीचा आवाज आला, बाबांनी एक शब्द न बोलता फोन बंद करायची खूण केली. "पुन्हा लाव." पुन्हा लावला, वेगळी मुलगी, पुन्हा बंद. मला वाटलं घाबरतायत. तिसऱ्यांदा लावला.

"नमस्कार. हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे. मी आपली काय मदत करू शकते?"

ताई.

बाबा खुर्चीत सरळ बसले. "नमस्कार मॅडम. माझा कार्यक्रम रद्द झालाय."

पलीकडे काही क्षण नुसती खरखर. मग, "आपला बुकिंग क्रमांक सांगाल का, सर?"

त्यांनी चष्मा लावून क्रमांक वाचला.

"आपलं नाव?"

त्यांनी नाव सांगितलं, आडनावासकट. लग्न मोडल्यावर ताईनं तेच आडनाव परत घेतलं आहे. "स्पेलिंग सांगू का, मॅडम?"

"नको सर. माहीत आहे."

मग तिनं वाक्यं म्हटली. गैरसोयीबद्दल दिलगीर, सात ते दहा कामकाजाचे दिवस, मूळ खातं, प्रोसेसिंग शुल्क परत मिळत नाही. रोज कितीतरी वेळा म्हटलेली वाक्यं, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. माझ्या हातातला पाना मी खाली ठेवला.

"प्रोसेसिंग म्हणजे तुम्ही नेमकं काय केलंत?" बाबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. मला फ्रिजबद्दल विचारतात तसं विचारलं.

"बुकिंगची नोंद करणं, आपली खुर्ची राखून ठेवणं—"

"खुर्ची राखली होती?"

"सिस्टीममध्ये राखली होती, सर."

"हॉल घेतला होता का, मॅडम?"

खरखर. मागे दुसऱ्या मुलीचा आवाज येत होता, ती कुणाला तरी अटी समजावत होती.

"नाही," ताई म्हणाली. "हॉल घेतला नव्हता."

"नवी तारीख यायची आहे का? मला कुणीतरी सांगितलं, नुसता पुढे ढकललाय."

"नाही, सर. ते खरं नाही. कार्यक्रम होणार नाही."

"म्हणजे आता तालमीची गरज नाही."

"नाही."

"बरं. आभारी आहे."

"आणखी काही मदत..." ताई म्हणाली आणि थांबली. हे वाक्य तिचं आजवर कधी अडकलेलं नव्हतं, शिव्या खाऊनही नाही. "आणखी काही मदत करू शकते का?"

"नको. तुम्ही जेवलात का?"

"...जेवले, सर."

"ठेवतो."

मी उठून नाचलोच म्हणा ना. "अहो बाबा, पैसे मागायचे! रेकॉर्डवर कबूल केलं तिनं, हॉल नव्हता म्हणून! ग्राहक मंचात जाऊ आपण, शेठ ताकाला जाऊन भांडं लपवतो, त्याचं भांडं फोडू—"

"पैशासाठी नव्हता फोन," बाबा म्हणाले. "तिला घरी विचारलं असतं तर ती खोटं बोलली असती. माझ्यासाठीच बोलली असती, पण खोटं. तिथं रेकॉर्ड होतं ना, तिथं तिला खोटं बोलता येत नाही." त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. मी पाना उचलला आणि कॉम्प्रेसरच्या ज्या नटाला हात लावायचं काही कारण नव्हतं तो नट आवळत बसलो.

ताई दुपारीच घरी आली. पुढचं तिच्याच तोंडून कळलं, तेही मी चार प्रश्न विचारल्यावर. कॉलमध्ये काही सेकंद कुणी बोललं नाही तर तो आपोआप तपासणीला जातो. शेठनं तिला केबिनमध्ये बोलावलं. ओरडला नाही. तो ओरडत नाही, तेवढा हुशार आहे.

"हॉल घेतला नव्हता हे ग्राहकाला सांगायचं नसतं," तो म्हणाला.

"ते ग्राहक नव्हते, सर. कलाकार होते. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं."

शेठ जरा चपापला म्हणे. मग म्हणाला, बरं, त्यांचं प्रोसेसिंग आपण खास म्हणून परत करू. ताई म्हणाली, "परत मिळत नाही, सर. अटी आहेत."

हे तिनं खोचक म्हणून म्हटलं की सवयीनं, ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा तिलाही नाही. मग ती जागेवर जाऊन बसली, पुढचा फोन घेतला, 'नमस्कार' म्हणाली आणि पुढचं वाक्य तोंडातून येईना. माणूस पलीकडून हॅलो हॅलो करत राहिला. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. नोकरी काही गेली नाही, तिला ईमेलच्या टेबलावर बसवलं. पगार तोच. आमच्या घराला तो लागतो, उगाच मोठेपणा कशाला सांगू.

त्या दुपारी ती आली, पर्स घेऊन बोळाच्या टोकाला बसली, नेहमीसारखी. पडदा टांगलेला होता, दिवा बंद. बाबा पुढच्या खोलीत. मधे मी आणि फ्रिजचं पोट.

"घरी तू इतकं बोलत नाहीस," बाबा म्हणाले.

"घरी कुणी इतकं विचारत नाही."

बाबांनी मान हलवली. "मग एक विचारतो. इथं रेकॉर्ड नाही, तरी सांग." त्यांनी उजवा हात वर धरला, तर्जनी आणि मधलं बोट, त्यातलं एक सरळ होत होतं आणि एक अर्ध्यात थांबत होतं. "ससा. इतके दिवस तू दिसतोय म्हणायचीस. कान दिसत होते?"

मला वाटलं आता तरी हिनं खोटं बोलावं. मी तिच्याकडे डोळे वटारले. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"नाही, बाबा," ताई म्हणाली. "एकच दिसायचा."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"हंस?"

"हंस चांगला यायचा."

बाबांनी हात खाली घेतला. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "हात दाखवून अवलक्षण झालं असतं. तिकीट काढून आलेली माणसं, आणि एका कानाचा ससा." मग म्हणाले, "तुझी आई असती तर पहिल्याच दिवशी खोकली असती."

"हो," ताई म्हणाली. "मी खोकायला पाहिजे होतं."

ते तिनं त्याच पट्टीत म्हटलं, वर नाही, खाली नाही. पण तिचा चेहरा ओला झाला होता आणि तिला ते कळलेलं नव्हतं. पाणी हनुवटीवरून पर्सवर पडत होतं आणि ती समोर पडद्याकडे बघत होती, पुढचा फोन यायची वाट बघावी तशी. माझ्याकडे ग्रीसचं फडकं होतं, ते देता येईना.

बाबा उठले, बोळातून चालत तिच्यापर्यंत गेले आणि दोन्ही हात तिच्यापुढे धरले, कप धरतात तसे.

"खूप दुखतात गं," ते म्हणाले. आम्हा दोघांना हे त्यांनी त्याआधी कधी सांगितलं नव्हतं.

ताईनं पर्स खाली ठेवली आणि ते हात धरले.